सोन्याची कुऱ्हाड आणि मामांची पाटी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझे मामा अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. वय ऐंशीच्या घरात, पण अजून सकाळी वावरात चक्कर मारल्याशिवाय चहा घेत नाहीत. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला त्यांचा नातू पुण्याहून आला आणि ओसरीत लावायला एक चकचकीत पाटी घेऊन आला. तीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'सकारात्मक विचार करा, यश तुमचेच आहे.' मामांनी ती नातवासमोर कौतुकाने खिळ्याला अडकवली. तो पुण्याला परत गेला त्या दिवशी ती उलटी केली. मागच्या कोऱ्या बाजूवर आता दुधाचा हिशेब लिहिलेला असतो.

मी त्यांना विचारलं, "मामा, एवढा राग का त्या पाटीचा?" ते म्हणाले, "राग नाई बापू. पण ते पाटी मले रोज सांगते, का तुयं नुकसान झालं ते तुया इचारानं झालं. आता सांग, पाऊस का माया इचारानं थांबला?" थोडं थांबून म्हणाले, "तू इतिहास शिकोलास ना पोरायले? मंग मले खरं काई लिहून दे. आपल्या वऱ्हाडाचं. खोटं नको, रडकं नको."

आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडणारी म्हण एकच. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड.' मी ठरवलं, तीच घ्यायची, इतिहासाच्या कसोटीला लावायची आणि मामांना पटेल अशी पुन्हा लिहायची. तसं करताना जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

म्हण खोटी नाही, हे आधी सांगायला हवं. वऱ्हाडची काळी जमीन ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर पऱ्हाटी उभी राहते. १८५३ साली निजामाने कर्जाच्या फेडीपोटी हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात दिला, त्यामागे इथल्या कापसावरची नजर होतीच. अमरावतीच्या बाजारातून जाणाऱ्या कापसाला इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीवरूनच 'ऊमरा' म्हणत. आपल्या गावाचं नाव सातासमुद्रापलीकडे कापसाच्या एका जातीला मिळावं, ही साधी गोष्ट नव्हती.

मग १८६१ साल उजाडलं. अमेरिकेत उत्तरेचं आणि दक्षिणेचं यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या गिरण्या प्रामुख्याने अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसावर चालत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली आणि गिरण्यांचा कापूस अडला. गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. मुंबईत कापसाचा भाव तीन वर्षांत तिपटीच्या वर गेला. वऱ्हाडातून बैलगाड्यांच्या आणि लादलेल्या बैलांच्या रांगा निघू लागल्या. शेतकऱ्याच्या हातात रुपया खुळखुळला. सोन्याच्या कुऱ्हाडीची कल्पना लोकांना पटायला असा काळ पुरेसा होता.

पण ही गंमत पाहा. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपलं. भाव कोसळला. त्याच वर्षी १ जुलैला मुंबईतल्या शेअरबाजाराचा फुगा फुटला आणि मोठमोठे सावकार रस्त्यावर आले. नागपूरपर्यंतची रेल्वे पूर्ण झाली ती १८६७ मध्ये. खामगावला रेल्वेचा फाटा मिळाला १८७० मध्ये आणि बडनेऱ्याहून अमरावती शहर जोडलं गेलं ते त्यानंतर. म्हणजे कापसाला सोन्याचा भाव होता तेव्हा तो बैलाच्या पाठीवरून जात होता. आगगाडी आली तोवर तो भाव उरला नव्हता.

तरीही कापूस थांबला नाही. याचं कारण हौस नव्हे, हे समजून घेण्यासारखं आहे. इंग्रजांनी इथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पद्धतीने मोजणी केली. प्रत्येक वावराचा सारा ठरला, तो दीर्घ मुदतीसाठी आणि रोखीत. पीक बुडालं तरी सारा रोखीतच. ज्वारी घरात असून सारा भरता येत नव्हता, ती विकावी लागे. कापूस मात्र सरळ पैशात उतरत होता. शिवाय सावकार कापसावर उचल द्यायला तयार असे, ज्वारीवर नसे. त्यामुळे काळ्या जमिनीत ज्वारीची जागा हळूहळू कापूस घेत गेला. रेल्वे झाल्यावर उरलेली ज्वारीही बाहेर जाऊ लागली.

इथे एक शब्द आठवतो, पेव. आजच्या पिढीला तो 'पेव फुटणे' या वाक्प्रचारातच माहीत असेल. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. आत कडबा किंवा भुसा लावून त्यात ज्वारी भरत आणि तोंड मातीने बंद करत. कोरड्या जागी असं धान्य वर्षानुवर्षं टिके. गावात पेवं भरलेली असली की एक पावसाळा चुकला तरी गाव तगून राहत असे. ती गावाची ठेव होती, फक्त ती पैशात नव्हती. कापसाचं क्षेत्र वाढलं आणि धान्य रेल्वेने जायला लागलं, तशी पेवं रिकामी पडत गेली. वरून पाहणाऱ्याला ते दिसत नव्हतं, कारण पेव जमिनीखाली असतं. वर फक्त कापसाच्या गाठी आणि जिनांची धुराडी दिसत होती.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. तो सरतो न सरतो तोच १८९९ मध्ये पावसाने पुन्हा पाठ फिरवली. या वेळी कापूस गेला, ज्वारी गेली आणि गुरांचा चाराही गेला. शेतकरी दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेले. आता दोन आकडे सांगतो, जे मी मामांनाही वाचून दाखवले. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या २८ लाख ९७ हजार होती. १९०१ च्या खानेसुमारीत ती २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत माणसं वाढायला हवी होती, ती जवळपास दीड लाखाने घटली. ही सगळी घट उपासमारीच्या मृत्यूंचीच होती असं मी म्हणणार नाही. रोगराई, न जन्मलेली मुलं, गाव सोडून गेलेली माणसं, सगळं त्यात आहे. पण शेकडा पाच माणसं कमी झालेला मुलूख हाच सोन्याच्या कुऱ्हाडीचा मुलूख होता.

मामांनी आकडे ऐकले आणि विचारलं, "मंग त्या लोकायचे इचार नकारात्मक होते का?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, आणि पाटी लिहिणाऱ्यापाशीही नसणार. सकारात्मक विचाराचं हे शास्त्र आपल्याकडे आलं ते बऱ्याच अंशी अमेरिकेतून. नॉर्मन व्हिन्सेंट पील नावाच्या न्यूयॉर्कच्या धर्मोपदेशकाचं या विषयावरचं पुस्तक १९५२ साली निघालं आणि जगभर खपलं. सुस्थितीत असून उगाच धास्तावलेल्या माणसाला त्याचा उपयोग होतही असेल. पण ज्याचं नुकसान बाहेरच्या कारणाने झालं आहे, त्याला तेच वाक्य सांगितलं की दोष गुपचूप त्याच्या खांद्यावर सरकतो. आपल्या जुन्या म्हणी असं सहसा करत नाहीत. 'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी' ही तर आशेवर बसून राहणाऱ्याची थट्टाच आहे.

याच मातीतला एक माणूस आठवा. गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढले. त्या मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. ते घर ज्याने आतून पाहिलं, त्याने पुढे आयुष्यभर कीर्तनात काय सांगितलं? सगळं चांगलं होईल, असं सांगितलं नाही. कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून लग्नाच्या पंगती उठवू नका, पोरांना शाळेत घाला, असं सांगितलं. ऐकणाऱ्याच्या हातात जेवढं आहे तेवढ्याचंच ते बोलत. पावसाची हमी त्यांनी कधी कोणाला दिली नाही.

आता म्हण पुन्हा लिहायची तर कशी? माझा पहिला प्रयत्न असा होता. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड, मेहनतीने लावा धार.' मामा हसले. म्हणाले, "हे तर त्या पाटीचंच भावंड हाय. मेहनत कोण नाई करत?" त्यांचं बरोबर होतं. १८९९ चा शेतकरी आळशी होता म्हणून मेला नाही. ज्या वाक्यात मेहनतीला फळाची हमी जोडलेली असते, ते वाईट वर्षी खोटं ठरतं आणि वर माणसाला चोर ठरवतं.

दुसऱ्या वेळी मी उलट टोकाला गेलो. आपल्याकडे दुसरी एक म्हण आहे, 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.' झाडाचंच लाकूड दांडा होतं आणि झाडाच्याच मुळावर उठतं. दोन्ही म्हणी जोडून मी लिहिलं, 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड, दांडा परक्याच्या हाती.' मला वाटलं, यात सगळा इतिहास आला. लिव्हरपूल, सारा, सावकार, सगळं. मामांनी दोनदा वाचलं आणि मान हलवली. "हे रडणं झालं. अन् अर्धंच खरं हाय. परका कोण? कापूस त मीच पेरला. कुटाराच्या खोलीत भरून मीच ठेवला."

ते कशाबद्दल बोलत होते हे मला ठाऊक होतं. २०२२ च्या सुरुवातीला कापसाच्या भावाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. पुढच्या हंगामात भाव आठ हजारांच्या आसपास घुटमळू लागला, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी कापूस विकायचा नाही असं ठरवलं. मामांच्या गावात एक व्याख्याते येऊन गेले. त्यांनी सांगितलं, खचू नका, विश्वास ठेवा, भाव येणारच. मामांनी चाळीस क्विंटल कापूस घरात भरला. माघ गेला, फाल्गुन गेला. कापूस वाळून वजनात घटला, घरातल्यांच्या अंगाला खाज सुटू लागली, उंदरांनी घरं केली. भाव वर येण्याऐवजी आणखी खाली सरकला. मृगाच्या तोंडावर बियाण्याला आणि खताला पैसे हवेत म्हणून मामांनी सगळा कापूस एका दिवसात काढला. क्विंटलमागे हजारभर रुपये कमी आले. घटलेलं वजन वेगळंच.

यात चूक कुठे झाली हे नीट पाहायला हवं, कारण म्हण तिथेच घडणार होती. कापूस थांबवून ठेवणं ही चूक नव्हती. व्यापारीही माल थांबवतो. क्विंटलभर कापूस जिनात गेला की साधारण चौतीस किलो रुई निघते आणि बाकी बहुतेक सरकी असते. रुईचा भाव जगाच्या बाजारात ठरतो आणि सरकीचा भाव तेला-ढेपेच्या मागणीवर. यातलं काहीच मूर्तिजापूरच्या ओसरीत बसून हलत नाही, मग विचार कसाही करा. फरक एवढाच, की व्यापारी थांबतो तेव्हा त्याच्या घरचा खर्च त्या मालावर अवलंबून नसतो. मामा थांबले, पण जूनमध्ये पैसे लागणारच होते आणि ते पैसे त्याच कापसातून येणार होते. म्हणजे थांबण्याची मुदत त्यांच्या हातात नव्हती, ती पावसाळ्याने आधीच ठरवून टाकली होती. खरेदीदारालाही ती मुदत ठाऊक असते.

हे बोलता बोलता माझ्या डोक्यात पेव आलं. १८६५ नंतरच्या शेतकऱ्याची आणि २०२३ मधल्या मामांची अडचण एकच होती. भावाची वाट पाहायची तर पोटापाण्याची सोय वेगळी हवी. ती असेल तर भाव पडला तरी माणूस उभा राहतो. ती नसेल तर चांगला भावही हातून निसटतो, कारण तो येईपर्यंत दम धरता येत नाही. आपल्या भाषेत याला साचा आयता आहे, 'आधी पोटोबा, मग विठोबा.' त्या साच्यावर मी तिसऱ्यांदा लिहिलं. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड. आधी पेव, मग भाव.'

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आडवे प्रश्न सुरू केले, आणि ते रास्त होते. "आता पेव कोण खंते? ज्वारी पेरली त रानडुकरं ठेवत नाईत, पाखरं ठेवत नाईत." मी म्हटलं, "मामा, पेव म्हणजे खड्डाच असं नाही. मृगाच्या आधी लागणारा पैसा कापसाच्या बाहेरून यावा, एवढाच अर्थ." त्यांनी बोटं मोजली. दोन एकरांत तूर. घरापुरती ज्वारी, तीही गावालगतच्या वावरात, जिथे राखण होते. दुधाचे पैसे वेगळ्या खात्यावर. आणि कापसातला पहिल्या वेचणीचा तिसरा हिस्सा मिळेल त्या भावाने लगेच विकायचा, बाकी थांबवायचा. म्हणाले, "एवढं जमते. सगळ्यायले नाई जमणार. दोन एकरवाल्याले कायचं पेव?"

हेही खरं होतं, आणि ही म्हणीची मर्यादा मी तुमच्यापासून लपवणार नाही. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. तेव्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे सगळ्या देशाचं लक्ष इकडे वळलं होतं. ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू आहे आणि डोक्यावर कर्ज आहे, त्याला घरच्या घरी पेव भरता येत नाही. त्याच्यासाठी ते पेव समाजाने भरायचं असतं. हमीभावाची खरेदी वेळेवर सुरू होणं, पीककर्ज पेरणीच्या आधी हातात पडणं, विम्याचे पैसे त्याच हंगामात मिळणं, ही त्याची पेवं आहेत. म्हण एकट्या माणसाला सांगून भागत नाही, ती गावाला आणि सरकारलाही लागू पडायला हवी. 'आधी पेव, मग भाव' हे वाक्य या दोघांनाही सुनावता येतं. 'यश तुमचेच आहे' हे सरकारला सुनावता येत नाही. म्हणून मला हा बदल पसंत पडला.

या सगळ्या खटाटोपात मामांनी मला एक कसोटी दिली. ती मी इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात वाचली नव्हती. ते म्हणाले, "ज्याचं पीक गेलं त्याच्या दारात जाऊन जे म्हणता येते, तेच खरं. बाकी सारं लग्नाच्या मांडवातलं बोलणं." मी तीनही प्रयत्न या कसोटीला लावून पाहिले. पहिला त्या दारात म्हटला तर तो शिवी वाटेल. दुसरा म्हटला तर दोघंही मिळून रडतील आणि उद्या काय करायचं ते तिथेच राहील. तिसरा म्हणता येतो, पण हळू आवाजात, आणि म्हणणाऱ्याने आपल्या घरून दोन पायल्या ज्वारी सोबत नेलेली असेल तरच.

गेल्या पोळ्याला मी गावी गेलो होतो. ओसरीत तीच नातवाची पाटी होती, उलटीच. दुधाचा हिशेब एका बाजूला सरकवून मामांनी खडूने नवी म्हण लिहिली होती. खाली स्वतःची एक ओळ जोडली होती, ती मी सुचवलेली नव्हती.

'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड. आधी पेव, मग भाव. पावसाचं कोणी सांगू नये.'

मी विचारलं, "मामा, शेवटची ओळ कशाला?" ते बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत होते. वर न पाहता म्हणाले, "ते नसती लिहिली त तुयी म्हण बी पाटीच झाली असती."